सरासरीत लपलेली डोकेदुखी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतला डोकेदुखीवरचा लेख वाचला. मायग्रेन, ताण, चष्म्याचा नंबर ही नेहमीची कारणं त्यात नीट आली आहेत. पण ‘गरज पडल्यास रक्त तपासावे’ एवढ्यावर लेख थांबला, आणि माझ्यासारख्या फॅमिली डॉक्टरची खरी अडचण तर तिथूनच सुरू होते.

एक उदाहरण देतो. चाळिशीच्या बाई, महिन्यातले वीसेक दिवस डोकं जड, दोन्ही बाजूंनी मंद ठणका, जिना चढला की वाढणारा. पाळीत रक्तस्राव बराच. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, झाली होती. हिमोग्लोबिन ११.१ होतं, म्हणजे स्त्रियांच्या १२ या मर्यादेपेक्षा थोडंच कमी. तांबड्या पेशींचा सरासरी आकार सांगणारा एमसीव्ही ८८, म्हणजे नॉर्मल. त्यामुळे रिपोर्ट बाजूला पडला.

त्याच कागदावर आरडीडब्ल्यू १८ होता आणि त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. पेशींच्या आकारात किती तफावत आहे हे हा आकडा सांगतो; साधारण १४-१५च्या वर गेला की थबकावं. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी पडलं की मोठ्या. दोन्ही कमी असतील तर सरासरी साळसूदपणे मधोमध येते! पुढच्या तपासणीत फेरिटिन ७ निघालं आणि बी-१२ १४०. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. तो १५च्या खाली असेल तर लोह कमी आहे हे नक्की. उलट, अंगात संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन वाढलेलं दिसतं, तेव्हा नॉर्मल आकड्यावर विसंबू नये.

डोकेदुखीत थायरॉइड बघायचं तर सुरुवातीला टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक, तपासलं तरी पुरतं. ते वाढलेलं असेल तर फ्री टी-४ हे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक तपासावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला आधी सांगा, त्या गोळ्यांमुळे टीएसएचचा आकडा चुकू शकतो. या बाईंचं टीएसएच नॉर्मल होतं. ड जीवनसत्त्वाचा डोकेदुखीशी संबंध मला तरी अजून कच्चा वाटतो. ते कमी असेल तर जरूर भरून काढावं, पण डोकेदुखी थांबेल या आशेने मोठे डोस घेऊ नयेत. अतिरेकाने रक्तातलं कॅल्शियम वाढतं.

बाईंना लोह आणि बी-१२ सुरू केलं, रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्या जवळजवळ रोज वेदनाशामक गोळी घेत होत्या, तीही बंद केली, कारण महिन्यात १५ किंवा जास्त दिवस घेतलेली गोळीच डोकेदुखी टिकवून धरते. तीन महिन्यांनी दुखण्याचे दिवस पाच-सहावर आले. यात लोहाचा वाटा किती आणि गोळी सुटल्याचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. उरलेले पाच-सहा दिवस मात्र मायग्रेनचेच आहेत, आणि त्याचे उपचार आता वेगळे चालू आहेत.

आपला,
एक फॅमिली डॉक्टर