वारशाने आलेल्या शेअरवरील करगणनेबाबत केंद्रीय अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदया,

मी ठाण्यात, नौपाड्यात, आयकर विवरणपत्रे भरून देण्याचे काम करतो. करांचे दर कमी करा, असे मागण्यासाठी हे पत्र नाही. २३ जुलै २०२४ पासून सूचिबद्ध शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंडांवरील अल्पकालीन नफ्याला २० टक्के, तर दीर्घकालीन नफ्याला सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के दर आहे, आणि तो लोकांना आता पाठ झाला आहे. अडते ते दराच्या आधी, म्हणजे शेअर कधी घेतला आणि केवढ्याला घेतला हे ठरवताना.

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंचे उदाहरण देतो. त्यांच्या यजमानांनी २०१२ मध्ये एका कंपनीचे २०० शेअर १५० रुपयांना घेतले. २०२१ मध्ये कंपनीने एका शेअरचे दोन केले, म्हणजे स्प्लिट केला, म्हणून ते ४०० झाले. यजमान गेल्यावर जून २०२५ मध्ये शेअर काकूंच्या डीमॅट खात्यात आले आणि सप्टेंबरमध्ये त्यांनी ते ९०० रुपयांनी विकले. हातात आले ३,६०,००० रुपये. काकूंचे निवृत्तिवेतन करमुक्त मर्यादेच्या वर असल्यामुळे तिथे सूट उरलेली नव्हती.

ब्रोकरने पाठवलेल्या नफा-तोटा पत्रकात खरेदीची तारीख जून २०२५ आणि खरेदीची किंमत शून्य होती. त्या हिशेबाने सगळी रक्कम अल्पकालीन नफा ठरते आणि उपकर सोडून ७२,००० रुपये कर बसतो. कायदा मात्र वेगळे सांगतो. वारशाने आलेल्या शेअरची किंमत मूळ मालकाची धरायची आणि त्याने ते बाळगल्याचा काळही मोजायचा. म्हणजे नफा दीर्घकालीन. शिवाय खरेदी १ फेब्रुवारी २०१८ पूर्वीची असल्यामुळे ३१ जानेवारी २०१८ चा बाजारातील सर्वोच्च भाव आणि विक्रीचा भाव यांतला जो कमी, त्याची मूळ किमतीशी तुलना करून जास्त असेल तो आकडा खर्च म्हणून धरायचा.

त्या दिवशीचा सर्वोच्च भाव होता ४०० रुपये. इथे दुसरा खड्डा आहे, आणि त्यात जाणकारही पडतात. तो भाव स्प्लिटपूर्वीच्या एका शेअरचा आहे, म्हणून आजच्या एका शेअरला तो २०० धरावा लागतो आणि मूळ किंमतही ७५ होते. नफा ७०० रुपये गुणिले ४००, म्हणजे २,८०,०००. त्यातून सव्वा लाख वजा जाता १,५५,००० वर कर १९,३७५ रुपये. कुणी घाईत ४०० च लिहिले तर कर ९,३७५ दिसतो, आणि पुढे नोटिशीला उत्तर देत बसावे लागते. (स्प्लिटऐवजी बोनस असता तर जुन्या २०० शेअरना पूर्ण ४०० मिळाले असते आणि नव्या २०० ची किंमत शून्य राहिली असती. सगळे विकल्यास बेरीज तीच, पण अर्धेच विकल्यास नाही, कारण आधी घेतलेले आधी विकले असे धरतात.)

विवरणपत्रातील Schedule 112A मध्ये ISIN हा शेअरचा ओळख क्रमांक, शेअरची संख्या आणि ३१ जानेवारी २०१८ चा प्रतिशेअर भाव हे रकाने आहेत, पण मध्ये स्प्लिट झाला का, हे विचारणारा रकाना नाही. त्यातच दर्शनी मूल्य बदलले की ISIN ही नवा मिळतो. त्यामुळे विक्रीच्या पत्रकातला क्रमांक २०१८ च्या भावांच्या यादीत शोधला तर सापडतच नाही. काकूंच्या बाबतीत मला जुना क्रमांक कंपनीच्या घोषणेतून काढावा लागला आणि खरेदीची तारीख यजमानांच्या फायलीतल्या, शाई उडालेल्या कॉन्ट्रॅक्ट नोटवरून. ती नोट नसती तर २०१२ हे साल मी कशाच्या आधारावर लिहिले असते?

माझ्या विनंत्या दोन आहेत. डीमॅट खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल आणि सीडीएसएल या डिपॉझिटरींनी वारसाच्या खात्यात शेअर वळवताना, ते मृत व्यक्तीच्या खात्यात ज्या तारखेला जमा झाले ती तारीख सोबत पाठवावी, आणि ब्रोकरच्या पत्रकात ती छापणे बंधनकारक करावे. खरेदीची किंमत डिपॉझिटरीकडे नसते, हे मला ठाऊक आहे. पण एवढ्या जुन्या शेअरमध्ये बहुधा २०१८ चा भावच कामी येतो, म्हणून तारीख मिळाली तरी बरेच निभावते. दुसरे, स्प्लिटनुसार दुरुस्त केलेले ३१ जानेवारी २०१८ चे भाव आजच्या ISIN प्रमाणे विवरणपत्राच्या संकेतस्थळावर द्यावेत, म्हणजे तो रकाना आपोआप भरता येईल आणि करदात्याला फक्त तपासावे लागेल.

काकूंचे विवरणपत्र १९,३७५ रुपये आणि उपकर धरून मी तयार केले आहे, आणि कॉन्ट्रॅक्ट नोटच्या दोन छायाप्रती काढून एक त्यांच्याकडे ठेवायला दिली आहे.

आपला,
नौपाडा, ठाणे येथील एक करसल्लागार