मा. आरोग्यमंत्री साहेब, एस्टिमेटच्या कागदाचं जरा बघा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी नाशिकमधल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या बिलिंग काऊंटरला बसते. २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक लावणं बंधनकारक झालं, चांगलंच झालं, आमच्याकडेही लावलंय. पण पेशंट कॅज्युअल्टीत असताना भिंतीवरचं दरपत्रक वाचतंय कोण? नातेवाईकांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, शेवटी किती होतील ते सांगा." आणि त्याचं उत्तर दरपत्रकात नसतं.

एक नेहमीची केस सांगते, आकडे समजायला सोपे म्हणून गोल धरलेत. आजी बाथरूममध्ये घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, बॉल बदलायचा आहे. मुलाकडे ३ लाखांची मेडिक्लेम आहे. मी एस्टिमेट देते, ४ दिवस, सिंगल रूम धरून साधारण २ लाख १० हजार. मुलगा म्हणतो मग काय, पॉलिसीत बसतंय, आईला सिंगल रूम द्या, ६ हजारवाली, वरचे लागले तर आम्ही भरू.

इथेच घोळ होतो साहेब. अशा बऱ्याच पॉलिसीत रूमची लिमिट विमा रकमेच्या १ टक्का असते, म्हणजे दिवसाला ३ हजार. मुलाच्या डोक्यात हिशोब साधा, दिवसाचे ३ हजार जास्त, चार दिवसांचे १२ हजार खिशातून. पण आमच्याकडे काय आणि बहुतेक ठिकाणी काय, रूमचा क्लास बदलला की सर्जनची फी, भूल, ओटी, व्हिजिट सगळ्याचेच रेट बदलतात, आणि कंपनी म्हणते तुम्ही हक्काच्या दुप्पट रूम घेतली, मग हे चार्जेस पण आम्ही निम्मेच देणार. रूमचे २४ हजार झाले त्यातले १२ मिळाले, सर्जन-ओटी-भूल वगैरे १ लाख १० हजार त्यातले ५५. औषधं, इम्प्लांट, तपासण्या यांना ही कात्री लागत नाही (आयसीयूलाही नाही), ते ७६ हजार, पण त्यातलेही ग्लोव्हज वगैरे न मिळणारे ८ हजार धरा. म्हणजे २ लाख १० हजारातले कंपनीचे १ लाख ३५, घरचे ७५ हजार. वर ५ हजारापेक्षा महाग रूमवर जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी, तो वेगळा. तो मुलगा डिस्चार्जच्या दिवशी माझ्यावर ओरडतो आणि मला त्याचा राग पण येत नाही.

म्हणून मी आता पैशाचं बोलायच्या आधी पॉलिसीचा कागद मागते आणि रूम लिमिट शोधते. लिमिटमधली रूम घेतली तर बिलच कमी येतं आणि कात्री पण लागत नाही, हे सांगितलं की बरेच जण ट्विन शेअरिंग घेतात.

दुसरी गोष्ट पॅकेजची. पॅकेजचे ४ दिवस बऱ्याच ठिकाणी ऑपरेशनच्या दिवसापासून किंवा आदल्या दिवसापासून मोजतात. आजी रक्त पातळ करायची गोळी घेत असतील, शुगर वाढलेली असेल, टूडी इकोत काही निघालं तर भूलतज्ज्ञ थांबायला सांगतात. ते थांबलेले दिवस पॅकेजबाहेर, कार्डिओलॉजिस्टची व्हिजिट बाहेर, रक्ताची पिशवी बाहेर, ऑपरेशननंतर एक रात्र आयसीयूत ठेवलं तर ते पण बाहेर. इम्प्लांट सिमेंटवाला का बिनसिमेंटवाला यानेही रक्कम हलते, आणि हाड किती ठिसूळ आहे बघून ते कधीकधी ओटीतच ठरतं. यात फसवणूक नाही, वयस्कर पेशंटचं असंच असतं, पण हे ॲडमिशनच्या वेळी तोंडी सांगितलं तर रडणाऱ्या माणसाच्या कितपत लक्षात राहणार. आणि विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या टीपीएची पहिली मंजुरी आली की लोक समजतात झालं सगळं, ती फक्त सुरुवातीची रक्कम असते, फायनल डिस्चार्जलाच कळतं.

साहेब, मागणी छोटी आहे. एस्टिमेटचा एक सरकारी नमुना काढा, मराठीत, एका पानाचा. त्यात सगळं सुरळीत झालं तर किती आणि आयसीयू लागलं तर किती अशा दोन रकमा, पॅकेज कुठल्या दिवसापासून मोजलं ते, आणि पॉलिसीची रूम लिमिट लिहायला एक रकाना. बिल पहिल्या रकमेच्या वर जायला लागलं की त्याच दिवशी सुधारित एस्टिमेट द्यायचं, डिस्चार्जला नाही. आत्ता त्या कागदावर फक्त नातेवाईकांची सही असते, नमुन्यात डॉक्टर आणि बिलिंग दोघांच्या सहीला पण जागा ठेवा, माझी करायची तयारी आहे.

आपली,
बिलिंग काऊंटरवरची एक कर्मचारी, नाशिक