बाबा, त्या माणसाला उरलेले तेरा हजार देऊ नका

तीर्थरूप आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आईने काल फोनवर सगळं सांगितलं. गच्चीच्या गळतीसाठी बँकेने कर्ज नाकारलं, आणि मग राजवाड्याजवळच्या ऑफिसातला तो माणूस म्हणाला, "अठरा हजार द्या, पंचेचाळीस दिवसांत सिबिल साफ." पाच हजार तुम्ही देऊनही आलात. बाबा, मी रागावलेली नाही. पण बाकीचे तेरा हजार देऊ नका.

तुम्ही पाठवलेला सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट मी रात्री ओळ न ओळ वाचला. स्कोअर ६१२ आहे, आणि तो खाली खेचणाऱ्या नोंदी दोनच आहेत. दोन्ही अगदी वेगळ्या आहेत, आणि नेमकं तेच तो माणूस तुम्हाला सांगत नाहीये.

पहिली नोंद फ्रिजच्या हप्त्यांची. शेवटचा हप्ता तुम्ही २०२१ मध्ये भरलात, तुमच्या पासबुकात तो दिसतोय, तरी रिपोर्टात १,८४० रुपये थकीत दाखवलेत. ही चूक कर्ज देणाऱ्या कंपनीची आहे. ती दुरुस्त करायला एक पैसा लागत नाही. cibil.com वर आपल्या खात्यातून तक्रार नोंदवायची आणि कंपनीलाही पासबुकाच्या पानासह पत्र द्यायचं. सिबिल स्वतःच्या मनाने काही बदलत नाही, ते कंपनीला विचारतं. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यापुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

दुसरी नोंद क्रेडिट कार्डाची, आईच्या ऑपरेशनच्या वेळची. त्याबद्दल तुम्ही मला कधी बोलला नाहीत, ते वाचून गलबलून आलं. ७१,००० देणं होतं, बँकेने २०१९ मध्ये ४०,००० वर मिटवलं, आणि वसुलीचा माणूस म्हणाला "सेटल हो गया." आपण त्याचा अर्थ 'मिटलं' असा घेतला. रिपोर्टात मात्र 'सेटल्ड' म्हणजे पूर्ण रक्कम आली नाही, ३१,००० बँकेला सोडावे लागले. पूर्ण फेडलेल्या कर्जापुढे 'क्लोज्ड' लिहिलेलं असतं. बँकेचा अधिकारी हा एक शब्द बघूनच मागे सरतो.

ही नोंद खरी आहे, म्हणून ती कुणालाही पुसता येत नाही. तो माणूस दोन्ही नोंदींवर तक्रार टाकेल, तीही तुमच्याच नावाने. फ्रिजची सुधारेल, कारण ती चूकच होती. कार्डाबाबत बँक कळवेल की माहिती बरोबर आहे, आणि नोंद जिथल्या तिथे राहील. मग तो म्हणेल, अर्धं काम झालं, आता उरलेल्यासाठी आणखी द्या. फुकटात होणारं काम दाखवून, न होणाऱ्या कामाचे पैसे घ्यायचे, हाच त्याचा धंदा.

आणि ते ३१,००० 'माफ' झाल्याचं प्रमाणपत्र देतो म्हणाला ना? त्याने दिलेल्या अशा कागदाला बँकेत काही किंमत नाही. रिझर्व्ह बँकेने ११ डिसेंबर २०२३ रोजी नेमक्या अशाच लोकांबद्दल सावध केलं होतं, जे फी घेऊन कर्जमाफीची प्रमाणपत्रं वाटतात. माफ करायचं तर ते बँकच करू शकते.

यातून खरी वाट एकच दिसते. बँकेला पत्र लिहून विचारायचं, की फरकाची रक्कम भरली तर खातं 'क्लोज्ड' दाखवाल का. हो म्हणाले तर ते लेखी घ्यायचं, मगच पैसे भरायचे, तेही थेट बँकेत, आणि नो ड्यूज सर्टिफिकेट हातात घेऊन यायचं. पैसे मी भरीन. त्यानंतरही स्कोअर लगेच चढणार नाही, काही महिने जातील. तोवर गच्चीचं काम पावसाळ्याआधी कसं करायचं ते मी बघते.

एका गोष्टीची मात्र मला धास्ती वाटते. तुम्ही त्याला पॅन आणि आधारचे फोटो दिलेत, आणि रिपोर्ट काढताना आलेला ओटीपीही सांगितलात. यापुढे त्याचा फोन आला तर कुठलाही आकडा सांगू नका. मी दोन महिन्यांनी रिपोर्ट पुन्हा काढीन आणि 'एन्क्वायरी'चा भाग बघीन. आपण अर्ज न केलेल्या कंपनीचं नाव तिथे दिसलं, तर तुमच्या नावावर कुणीतरी कर्ज मागितलंय असं समजायचं. तसं दिसलं, किंवा खात्यातून पैसे गेले, तर त्याच क्षणी १९३० वर फोन.

आई, लोखंडी कपाटात वरच्या खणात निळी फाइल आहे. त्यात ते २०१९ चं सेटलमेंटचं पत्र असेल. त्याचा फोटो आज संध्याकाळी पाठव. बँकेच्या पत्राचा मसुदा मी लिहायला घेतलाय, त्यात त्या पत्राची तारीख आणि नंबर घालायचा आहे.

तुमची लेक