नाना, बरड सोडलं

१५ एप्रिल २०२५

तीर्थरूप नाना आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

नानांचा गुडघा आता पूर्ण वाकतो, असं ताईने फोनवर सांगितलं. ऐकून जीव भांड्यात पडला. आई, तुझी कंबर कशी आहे ते मात्र कोणीच सांगत नाही. तू स्वतः तर सांगणारच नाहीस.

फोनवर बोलता आलं असतं, पण दोन वेळा नंबर लावून मीच कट केला. नानांचा आवाज ऐकला की मला हे सांगता येणार नाही, म्हणून लिहितो आहे. नाना, रविवारी मी आबांच्या घरी गेलो होतो. यंदा आखाजीपासून त्यांचं मुरमाड बरड आपण नफ्याने, म्हणजे एकरी ठरलेले रोख पैसे देऊन, करणार नाही, असं सांगून आलो. तुम्हाला न विचारता केलं. चुकलं असेल तर माफ करा, पण का केलं ते शेवटपर्यंत वाचा, मगच ताईच्या घरात येरझाऱ्या घाला. तसं अजून चालायचं नाही हेही लक्षात असू द्या.

त्या होळीला आबा आपल्या पाठीशी कसे उभे राहिले ते मी विसरलेलो नाही. आईच्या पाटल्या कोणत्या वर्षी परत आल्या तेही विसरलेलो नाही. आबांना मी पहिलं तेच बोललो. जमीन सोडली, माणसं सोडली नाहीत. आबा चहा घेतल्याशिवाय उठू देईनात, आणि "नाना कधी येतोय?" हेच तीनदा विचारलं.

आता हिशोब सांगतो. तुमच्या लाल कापडी वह्या मी माळ्यावरून काढल्या. सहा वर्षांच्या सहाही मिळाल्या. तारीख, काम, बाया किती, पैसे किती, सगळं तुमच्या अक्षरात. गावात एवढं लिहून ठेवणारं दुसरं घर मला माहीत नाही. पण सगळं एकाच पानावर आहे. "निंदणी, ११ बाया" असं लिहिलंय, पण कोणत्या शेतात ते नाही. आपण वर्षाच्या शेवटी कापसाचे आलेले पैसे मांडायचो, त्यातून गेलेले वजा करायचो आणि उरलं ते बघायचो. दरवर्षी काही ना काही उरायचंच, म्हणून आत कोणी डोकावलं नाही.

गेल्या आखाजीपासून मी एवढंच केलं की प्रत्येक नोंदीपुढे मळ्याचा "म" नाहीतर बरडाचा "ब" लिहायला लागलो. ट्रॅक्टरचं बिल एकत्र आलं तर एकराप्रमाणे वाटलं. फवारणी पंपांवर वाटली, कारण औषध पंपाच्या मापाने जातं. ठिबक आणि मोटारीचा खर्च पूर्ण मळ्यावर टाकला. त्याआधी क्षेत्र नीट केलं. मळा सातबाऱ्यावर ४ एकर १० गुंठे आहे, पण विहीर, खळं आणि बांध सोडले तर कपाशी बरोबर ४ एकरांतच होती. भागायचं ते पेरलेल्या एकरांनी, उताऱ्यावरच्या नाही. बरड मोजून ३ एकर भरलं.

आपल्या जुन्या पद्धतीने यंदा कापसात ९९,७०० रुपये उरले. सात एकरांना भागलं तर एकरी सव्वाचौदा हजार. बरं दिसतं ना? मलाही दिसलं. मग मी "म" आणि "ब" वेगळे केले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

बरडाचं एक एकर बघा. नांगरणी-वखरणी २,८००, बियाणं १,७००, टोचणीची मजुरी ८००, खतं ३,६००, दोन निंदण्या ४,५००, कोळपणी १,५००, चार फवारण्या ४,२००. हे झाले १९,१००. वर आबांचे नफ्याचे ६,०००. म्हणजे एक बोंड फुटायच्या आत एकरी २५,१०० रुपये जमिनीत गेलेले. पुढे वेचणीचे किलोला १० रुपये आणि गाडीभाडं धरून क्विंटलला १,१००. एकरी साडेतीन क्विंटल निघाला, तेव्हा आणखी ३,८५०. एकूण खर्च २८,९५०. कापूस सरासरी ७,१०० ने गेला, म्हणजे हातात आले २४,८५०. एकरी ४,१०० खिशातून गेले, तीन एकरांचे १२,३००.

मळ्यात जास्तीचं खत, फवारणी, ठिबक धरून वेचणीआधी एकरी २६,००० गेले. बरडाच्या खर्चात आणि यात फरक फक्त नऊशेचा. पण तिथे नऊ क्विंटल निघाला. वेचणी-भाडं धरून खर्च ३५,९००, आले ६३,९००, उरले एकरी २८,०००. चार एकरांचे १,१२,००० मळ्याने दिले, त्यातून बरडाने १२,३०० खाल्ले, आणि आपण ९९,७०० बघून समाधान मानलं.

नाना, मला इथेच कळलं. शेतातून किती निघणार हे बघून निंदणीवाल्या बाया मजुरी घेत नाहीत. एकराची निंदणी तीन क्विंटलच्या शेतातही तेवढीच, नऊ क्विंटलच्या शेतातही तेवढीच. नांगर तेवढाच, बियाणं तेवढंच. उताऱ्याप्रमाणे कमीजास्त होते ती फक्त वेचणी आणि भाडं. म्हणून मळ्याचा क्विंटल आपल्याला ४,००० च्या आत पडला आणि बरडाचा ८,२७० ला. यंदा मध्यम धाग्याचा हमीभाव ७,१२१ होता. तो पूर्ण मिळाला असता तरी बरड तोट्यातच राहिलं असतं. आपण दरवर्षी भावाला दोष द्यायचो, मीही द्यायचो.

आणखी एक बघितलं, कारण एका वर्षावरून आबांची जमीन सोडणं मलाच पटेना. क्विंटलमागे वेचणी-भाडं जाऊन ६,००० हातात राहतात. २५,१०० फेडायचे तर एकरी सव्वाचार क्विंटलच्या जरा आत पिकलंच पाहिजे. तेव्हा कुठे बरोबरी, कमाई नाहीच. तुमच्या जुन्या वह्यांत खर्च वेगळा नाही, पण बरडाच्या गाड्यांचं वजन तुम्ही प्रत्येक वेळी लिहिलंय. सहा वर्षांत फक्त दोनदा सव्वाचारच्या वर गेलं. बाकी चार वर्षी तिथे हातभर खाली मुरूम लागतो तेच नडलं. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस थांबला की पाते गळतात आणि पानं लाल पडतात. तिथे आपण मळ्याच्या बरोबरीने राबलो, नाना, कमी पडलो नाही. माझे आणि रेखाचे तिथले ४१ दिवस तर मी हिशोबात धरलेच नाहीत. सरकारचा कृषी खर्चाचा आयोगसुद्धा घरच्या माणसांची मजुरी मोजतो. आपण ती कधीच मोजली नाही. आईने तिथे काढलेले दिवस कुठल्या पानावर लिहायचे?

तेच बरड आपल्या मालकीचं असतं तर मी सोडलं नसतं. नफ्याचे ६,००० नसते तर एकरी १,९०० तरी उरले असते, आणि मूग-उडदासारखं कमी खर्चाचं पीक घेऊन बघता आलं असतं. आबांना मी आधी निम्म्या बटाईचंच विचारलं, म्हणजे पाऊस गेला तर दोघांचं जाईल. पण त्यांना औषधपाण्यासाठी रोख लागतं, त्यांचंही बरोबर आहे. आता त्यांचा पुतण्या करणार आहे. त्याच्या घरची बैलजोडी आहे, घरची चार माणसं आहेत. त्याला कदाचित परवडेलही.

बरड सोडायचं ठरवणारा मी असलो तरी वह्या तुमच्या आहेत. त्या नसत्या तर मला काहीच कळलं नसतं.

मागच्या खोलीतला कापूस विकला त्या दिवशी रिकाम्या भिंतींकडे बघून लहानपण आठवलं. दिवाळीनंतर ती खोली छतापर्यंत भरायची आणि ताई नि मी खिडकीतून ढिगावर उड्या मारायचो. रात्रभर अंग खाजायचं. आई, तू रागवत रागवत खोबरेल तेल चोळायचीस, आणि नाना दारात उभे राहून "अरे, कापूस तुडवू नका, काळा पडतो" म्हणायचे, पण बाहेर कधी काढलं नाहीत. परवा छकुलीला हे सांगितलं, तर ती आता तुमची वाट बघत बसली आहे, पुन्हा तुमच्याकडून ऐकायला.

त्या खोलीला चुना मारून घेतलाय. खाट विटांवर उंच केली आहे, म्हणजे उठताना गुडघ्यावर भार येणार नाही. घरातच कमोड बसवलाय, रात्री अंगणात जायचं नाही. दाराच्या उंबऱ्याशेजारी धरायला पाइप लावलाय. कळण्याचं पीठ दळून ठेवलंय, आल्या दिवशी भाकरी आणि ठेचा मिळेल. रेखाने बिबडे केले आहेत, तिने आणि शेजारच्या दोघींनी मिळून. आई, थोडे जाड झालेत, पण तिला काही बोलू नकोस, उन्हात पाठ भाजेपर्यंत गच्चीवर बसली होती.

आता माझं ऐका. नाना, मांडी घालून बसायचं नाही, जेवतानाही नाही. व्यायाम ताई सांगेल तेवढे, एक कमी नाही. रक्तदाबाची गोळी चहाआधी की नंतर यावर रोज वाद घालू नका, चिठ्ठीवर लिहिलंय तशी घ्या. आई, तू ताईच्या घरची धुणी काढायला जाऊ नकोस, तिथे मशीन आहे. आणि नाना, आबांना फोन करून "पोराने घाई केली, जमीन ठेवतो" असं म्हणू नका. हालहवाल विचारायला फोन करा, रोज करा, पण हे नको. राग आला असेल तर माझ्यावर काढा, मी ऐकून घेईन.

मळा तुमच्या शब्दाबाहेर जाणार नाही. यंदा त्यातल्या एका एकरात काय घ्यायचं ते तुम्ही आल्यावरच ठरेल. वही कोरी आणली आहे. मळ्याला आता दोन पानं केली आहेत, विहिरीकडचं वेगळं आणि ओढ्याकडचं वेगळं.

एक नोंद मात्र मला लागली नाही. गेल्या वर्षी १४ ऑगस्टला तुमच्या हातची आहे. "फवारणी, ६ पंप, १,१५०." पुढे म नाही, ब नाही. मी ती सध्या हिशोबाबाहेर ठेवली आहे. त्या दिवशी मी छकुलीला घेऊन दवाखान्यात होतो, तुम्ही एकटेच गेला होतात. मळ्यात गेला होतात की बरडावर, तेवढं आठवून ताईला सांगा.

तुमचा,
बापू