कान तुटलेल्या कपातून चहा पिणाऱ्या ताईंना

ताई,

हे पत्र तुम्हाला पर्सनल पाठवता आलं असतं पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितोय. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही माहितीये. परवा आमची १७ मिनिटांची फिल्म पूर्ण झाली आणि तेव्हापासून नीट झोप नाहीये, सारखं तुमच्याकडचं ते एडिटिंगचं टेबल आठवतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. फिल्म धुणीभांडी करणाऱ्या एका बाईची आहे, आणि तिच्यासाठी त्या घरात एक वेगळा कप असतो, कान तुटलेला, खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातलेला. तो कप खरा आहे, माझ्या आईचा. ज्या घरी ती नऊ वर्षं कामाला होती तिथून सुटताना तिने पगाराबरोबर तो कप पण पिशवीत घालून आणला, का आणला ते आजपर्यंत तिने सांगितलं नाही.

तुमच्याकडे यायच्या आधी मी एका वर्कशॉपला पैसे भरून गेलो होतो. तिथल्या तज्ज्ञांनी रफ कट बघून सांगितलं की कप लोकांना कळणार नाही, क्लोजअप वाढव, आणि घरात एक पोपटाचा पिंजरा ठेव म्हणजे बाईची घुसमट पोचेल. मी ऐकलं. उसना पिंजरा आणून दोन सीन परत शूट केले, कपाचे नऊ क्लोजअप लावले, प्रत्येकावर बासरी. मग त्यांना कट पाठवला तर महिनाभर उत्तर नाही, फोन केला तर म्हणाले फिल्म फारच बोलकी झालीये. मी एडिटच बंद करून टाकला होता.

तुम्ही कट बघितलात आणि पहिला प्रश्न विचारलात, "कप पहिल्यांदा दिसतो तेव्हा सीनमध्ये दुसरं काय चाललंय?" काहीच चाललं नव्हतं, नुसता कप होता. तुम्ही म्हणालात मग बघणारा तिथेच ओळखतो की ही खूण आहे, लक्षात ठेवा असं सांगतायत, आणि नंतरच्या प्रत्येक कपाला तो मान डोलावतो पण त्याला काही होत नाही. पहिल्यांदा वस्तू ही वस्तू म्हणूनच यायला हवी, कामात, आणि नजर दुसरीकडे असताना.

मग तुम्ही फँड्री काढलात. मी तो चार वेळा बघितलाय पण असा नव्हता बघितला. सुरुवातीला जब्या रानात गलोल घेऊन काळ्या चिमणीच्या मागे फिरतो, तेव्हा आपल्याला वाटतं पोरगं शिकार करतंय, बस. तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल हे नंतर कळतं आणि मग चिमणी दिसली की पोटात कालवतं. मला वाटायचं परत परत येणारी खूण, म्हणजे मोटिफ, ती चिमणी. तुम्ही म्हणालात हाताकडे बघ. नेम धरणं हा खरा धागा आहे, पहिल्या सीनमध्ये नेम चिमणीवर आणि शेवटी हातात दगड आणि नेम छळणाऱ्यांवर, तो दगड सरळ आपल्याच अंगावर येतो आणि पडदा काळा. कृती तीच, निशाणा बदलला. आणि डुक्कर बांधून नेताना मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाईंची चित्रं आहेत, ती चालता चालता पाठीमागून जातात. बासरी नाही, काही नाही.

त्यानंतर तुम्ही कागद आडवा धरून अकरा सीनचे अकरा चौकोन काढलेत आणि प्रत्येकाखाली लिहायला लावलंत की कप कुठे आहे, कुणाच्या हातात आहे, पालथा की सुलटा. लिहिताना माझंच मला दिसलं की सात चौकोनांत उत्तर सेम होतं. कप परत परत येत होता पण त्याचं काहीच बदलत नव्हतं. आणि दोन ठिकाणी तुटका कान भिंतीकडे होता, म्हणजे लांबून तो कुठलाही कप. पिंजरा तर तुम्ही एका फटक्यात काढलात. पिंजऱ्याचा अर्थ लोक घरूनच घेऊन येतात, तुझ्या सिनेमाने तो कमावलेला नाही, असं म्हणालात.

आता पहिल्या सीनमध्ये मालकीणबाई पाहुण्यांबद्दल फोनवर बोलतात, बाई कणीक मळते, मागे कट्ट्यावर कप पालथा, वाइडमध्ये. तिसऱ्यात बाई स्वतः तो सुलटा करते आणि मालकीणबाई वरून, वीतभर उंचावरून चहा ओततात, पातेलं कपाला लागू नये म्हणून. ही उंची माझ्या रशेसमध्ये होतीच आणि मी ती कापून कपाचा क्लोजअप लावला होता! तुम्ही ती परत आणलीत. सातव्यात घरातली छोटी मुलगी त्याच कपातून पाणी पिते, ओठ बरोबर तुटलेल्या कानाच्या बाजूला, आणि तिची आई तो हिसकावते. नऊतला एकच क्लोजअप राहिला, तो इथे. कारण इथे नियम मोडतो, आणि मोडायचा तर आधी तो दोनदा शांतपणे दिसलेला असायला हवा.

शेवटी बाई काम सोडून जाते आणि कट्टा रिकामा दिसतो, कपाच्या जागी गोल डाग. त्यासाठी तुम्ही मला परत त्या घरी पाठवलंत, कारण रिकामी जागा कळायला पहिल्या सीनचीच फ्रेम लागते, तीच लेन्स, तीच उंची, आणि माझ्या जुन्या वाइडमध्ये कप अर्धा पडद्यामागे होता. दोन शॉट, तासाभराचं काम. कपावर पिवळी रेघ आहे म्हणून मुलीच्या पिवळ्या रिबिनीचा रंग ग्रेडिंगमध्ये उतरवला, नाहीतर नजर तिकडे पळत होती. मग काहीच माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवून तुम्ही फक्त विचारलंत, खिडकीत काय होतं? चौघांनी कप सांगितला. पाचवा म्हणाला आमच्याकडे पण होता तसला, आणि गप्प बसला.

पण ताई, हे सगळं मी कदाचित कुठेतरी शिकलोही असतो. पहिल्या दिवशी मी तो कप पेपरात गुंडाळून आणला होता, प्रॉप दाखवायला. तुम्ही चहा केलात, मला तुमच्या चांगल्या मगमध्ये दिलात, आणि तो कप विसळून त्यात स्वतःसाठी ओतलात. पातेलं टेकवून. एक शब्द बोलला नाहीत, टाइमलाइनकडे बघत प्यायलात. मी बाथरूमला जातो म्हणून उठलो ते रडायला. माझी आई नऊ वर्षं ज्यातून प्यायली त्यातून दुसरं कुणी पिताना मी कधी बघितलं नव्हतं. माणूस चांगला आहे हे असं, त्याला माहीत नसताना कळतं.

आईने काल फिल्म बघितली. पूर्ण वेळ गप्प होती. शेवटचा कट्टा आला तेव्हा म्हणाली, "डाग नाय निघत त्यो. म्या लय घासलाय."

कप तुमच्याकडेच राहिलाय. आणायला जाऊ का विचारलं, तर म्हणाली राहू दे त्यांच्याकडं, त्या पितात त्यातनं.

तुमचा,
तोच, पिंजरा घेऊन आलेला