मागच्या वेळीही ती गाठ होती

नाशिक,
१४ मार्च

प्रिय वैशू,

परवा फोनवर तू चिडलेली होतीस आणि माझ्यासमोर पेशंट बसलेले होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. तुझ्या आईच्या कमरेच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये आधी ‘डावीकडची नस दबली आहे’ असं होतं. चार दिवसांनी त्याच रिपोर्टखाली ‘ॲडेंडम’ म्हणून दोन ओळी आल्या की नस डावीकडची नाही, उजवीकडची. “हे लोक स्वतःचंच म्हणणं फिरवतात, मग विश्वास ठेवायचा कशावर?” असं तू विचारलंस. त्याचं उत्तर मी माझ्याच एका चुकीवरून देते. जानेवारीपासून ती मनात घोळते आहे आणि अजून कुणाला सविस्तर सांगितलेली नाही.

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार, वय बासष्ट. जानेवारीच्या शेवटी पाठीतून कळ येते म्हणून युरोलॉजिस्टने मुतखड्याचा सीटी सांगितला. आमच्या टेक्निशियनला एक चांगली सवय आहे. पेशंट टेबलावर घेण्याआधी तो “आधी कधी सीटी काढलाय का?” हे विचारतोच. काका म्हणाले, “हितंच काढला व्हता, उन्हाळ्यात.” नावाने शोधलं तर सापडेना, कारण मागच्या वेळी नोंदणी मुलाच्या मोबाइल नंबरावर झाली होती आणि आडनावाचं स्पेलिंग वेगळं पडलं होतं. त्याने मुलाचा नंबर टाकून शोधलं, एप्रिलचा स्कॅन निघाला आणि दोन्ही स्कॅन माझ्या स्क्रीनवर शेजारी शेजारी आले. त्याने तेवढी खटपट केली नसती, तर हे पत्र लिहायची वेळच आली नसती.

मुतखड्याचा सीटी किडनीच्या जरा वरून सुरू होतो, त्यामुळे फुफ्फुसांचा तळ त्यात आपोआप येतो. नव्या स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी, पाठीच्या बाजूला, ११ मिलिमीटरची भरीव गाठ होती. मी जुना स्कॅन त्याच जागी आणला. तिथेही ती होती, ७ मिलिमीटरची. खाली एप्रिलचा रिपोर्ट उघडला: ‘फुफ्फुसांचे तळ सामान्य.’ सही माझी.

ते वाक्य मी टाइपसुद्धा केलेलं नव्हतं. मुतखड्याच्या रिपोर्टचा एक तयार साचा असतो आणि त्यात सगळे अवयव आधीच ‘सामान्य’ लिहिलेले असतात. जे बिघडलेलं दिसेल तेवढं आपण बदलायचं. त्या दिवशी मूत्रनलिकेच्या टोकाशी खडा सापडला, दुखण्याचं कारण मिळालं आणि नजर सैल झाली. शिवाय फुफ्फुस नीट बघायचं तर चित्राची विंडो, म्हणजे स्क्रीनवरची उजळ-गडदाची रचना, बदलावी लागते. पोटाच्या विंडोत फुफ्फुस जवळजवळ काळं दिसतं आणि त्या काळ्यात एवढीशी गाठ एखाद्या रक्तवाहिनीच्या तुकड्यासारखी वाटते. मी विंडो बदलली होती का, हे मला आठवत नाही. न दिसणं किती सोपं असतं याचा एक प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. फुफ्फुसांच्या सीटीत गोरिलाचं चित्र घातलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं, आणि गाठी शोधायला बसलेल्या २४ रेडिओलॉजिस्टपैकी २० जणांना ते दिसलं नाही. मी ते लेक्चरमध्ये दाखवतेसुद्धा. तरी काकांच्या बाबतीत मला त्याचा आधार घेववत नाही.

आता तुझ्या मुख्य शंकेकडे येते. फायनल केलेला रिपोर्ट लॉक होतो. तो खोडून नवा लिहायचा नसतो, कारण एप्रिलमध्ये युरोलॉजिस्टने जो निर्णय घेतला तो त्या कागदावरून घेतला. तो कागद बदलला तर पुढे कुणालाच कळणार नाही की त्यांच्या हाती तेव्हा काय होतं. म्हणून जुनं जसंच्या तसं ठेवून खाली ॲडेंडम जोडतात. मी जे इंग्रजीत लिहिलं ते मराठीत साधारण असं होईल:

‘जानेवारीतील स्कॅनशी तुलना करताना हा एप्रिलचा स्कॅन पुन्हा पाहिला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात ७ मिमीची भरीव गाठ दिसते. मूळ रिपोर्टमध्ये तिची नोंद नाही. “फुफ्फुसांचे तळ सामान्य” हे विधान चुकीचे समजावे. गाठ आता ११ मिमी आहे. संपूर्ण छातीचा सीटी त्वरित करावा. संबंधित युरोलॉजिस्टना फोनवर कळवले.’

त्याखाली तारीख, वेळ, माझं नाव आणि फोन कुणी घेतला त्याचं नाव. ‘गाठ सूक्ष्म होती’, ‘मागे वळून पाहताच दिसते’ अशी वाक्यं मी आधी लिहिली आणि मग काढून टाकली. ती पेशंटच्या कामाची नव्हती, माझ्या बचावाची होती.

युरोलॉजिस्ट भले माणूस आहेत, आमची ओळख जुनी आहे. ते म्हणाले, “अहो मॅडम, नव्या रिपोर्टमध्ये गाठ लिहा ना, तपासण्या तर होणारच आहेत. जुनं कशाला उकरायचं?” वैशू, ही सूचना सगळ्यांना सोयीची वाटते आणि सगळा घोटाळा तिथेच आहे. जुन्या स्कॅनबद्दल मी गप्प राहिले असते, तर ‘तळ सामान्य’ हे विधान उभं राहिलं असतं आणि ती गाठ नऊ महिन्यांत शून्यातून ११ मिलिमीटर झाली असं वाचलं गेलं असतं. भरीव गाठ इतक्या झपाट्याने उगवली की डॉक्टरांच्या मनात आधी जंतुसंसर्ग येतो. मग अँटिबायोटिक द्यायची, दोन-तीन महिने थांबायचं आणि पुन्हा स्कॅन करायचा, असा तो रस्ता आहे, आणि त्या माहितीवर तो चुकीचाही नाही. पण खरा हिशेब वेगळा होता. ७ चे ११ झाले म्हणजे व्यासात दीडपटीहून थोडी जास्त वाढ, पण आकारमानात जवळजवळ चौपट. म्हणजे नऊ महिन्यांत गाठ दोनदा दुप्पट झाली, एकदा दुप्पट व्हायला साधारण साडेचार महिने. संसर्गाची गाठ दिवसांत किंवा आठवड्यांत बदलते, व्रणाची वर्षानुवर्षं तशीच राहते. साडेचार महिने हा फुफ्फुसाच्या कॅन्सरला शोभणारा वेग आहे. एप्रिलची ती ७ मिलिमीटरची गाठ हा काकांच्या निदानातला सगळ्यात मोलाचा आकडा होता, आणि तो फक्त माझ्या चुकीच्या कबुलीसोबतच मिळू शकत होता. हे मी युरोलॉजिस्टना आकड्यांत सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “पाठवा ॲडेंडम. त्यांना मी बोलावतो, तुम्हीही या.”

कारण ॲडेंडम लिहिला म्हणजे कळवलं असं होत नाही. नऊ महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट कोण उघडून बघतं? सिस्टिममध्ये दुरुस्ती पडून राहते आणि पेशंटच्या घरी, कपाटातल्या मोठ्या लिफाफ्यात, ‘सामान्य’ लिहिलेला कागद तसाच असतो. म्हणून मी दोन्ही रिपोर्ट छापून घेतले आणि दुसऱ्या दिवशी युरोलॉजिस्टच्या दवाखान्यात गेले.

मुलाने मला बाहेरच गाठलं. “माल काढायला आलाय, अण्णांना एवढ्यात काही सांगू नका.” मी म्हटलं, त्यांनी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, आणि विचारलं नाही तरी स्कॅन त्यांचा आहे. तो आत येऊन शेजारी बसला.

मी काकांना चित्रं दाखवली. वाक्यं आदल्या रात्री ठरवून ठेवली होती, नाहीतर अशा वेळी आपण ‘नोंद राहून गेली’ असं बोलतो, जणू ती कुणाच्याच हातून राहिली नाही. मी म्हटलं, “काका, आत्ताच्या फोटोत फुफ्फुसात ही गाठ आहे. एप्रिलच्या फोटोतही ती होती, लहान होती. तेव्हा ती मी बघायला हवी होती आणि लिहायला हवी होती. मी लिहिली नाही. चूक माझी आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.” मग थांबले. थांबणं सगळ्यात अवघड गेलं.

ते चित्राकडे बघत राहिले. मग विचारलं, “तवा सांगितलं असतं तर काय झालं असतं?”

या प्रश्नाला ‘काही फरक पडला नसता’ हे उत्तर जिभेवर तयार असतं. मी त्यांना खरं ते सांगितलं. पोटाच्या सीटीत ७ मिलिमीटरची गाठ योगायोगाने दिसली तर छातीच्या रेडिओलॉजीतल्या तज्ज्ञांच्या फ्लाइश्नर सोसायटीच्या २०१७ च्या शिफारशींप्रमाणे तीन ते बारा महिन्यांत पूर्ण छातीचा सीटी करतात. लगेच सुई घालत नाहीत. पण काकांनी तीस वर्षं बिडी ओढलेली, म्हणजे आम्ही तीन महिन्यांनीच बोलावलं असतं. तेव्हा जुलैत कळलं असतं. “माझ्यामुळे सुमारे सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांनी नेमकं किती बिघडलं हे तपासण्या झाल्याशिवाय मला सांगता येणार नाही.” “कॅन्सर हाय का?” त्यांनी सरळ विचारलं. “वाढीचा वेग तसा आहे. तुकडा तपासल्याशिवाय नक्की नाही.”

मुलगा उठून बाहेर गेला. काकांनी दोन्ही कागद मागितले, घडी घालून खिशात ठेवले. त्यांना मी हेही सांगितलं की तक्रार करायची असेल तर तो त्यांचा हक्क आहे आणि एप्रिलच्या स्कॅनची सीडी मी देईन. आमच्यातले काही जण म्हणतील की हे सांगणं म्हणजे पायावर धोंडा मारून घेणं. असेल. पण मूळ रिपोर्ट, ॲडेंडम आणि फोनची नोंद एकमेकांशी जुळत असतील तर लपवण्यासारखं काही उरत नाही.

त्याच आठवड्यात छातीचा सीटी झाला, मग सीटीत बघून सुईने तुकडा काढला. कॅन्सरच निघाला. फेब्रुवारीत फुफ्फुसाचा खालचा भाग काढला, लसीकाग्रंथी स्वच्छ आल्या. मुलगा अजून माझ्याशी बोलत नाही आणि मला ते समजतं.

आम्ही साच्यातून फुफ्फुसांच्या तळाची ओळ काढून टाकली. आता ती जागा रिकामी येते आणि काही लिहिल्याशिवाय रिपोर्ट फायनल होत नाही. महिन्यातून एकदा आम्ही तिघं रेडिओलॉजिस्ट अशा सुटलेल्या केसेस नावं झाकून एकत्र बघतो. पहिली केस मी माझी ठेवली, नाव न झाकता.

आता तुझ्या आईचं. त्यांचा पाय उजवा दुखतो, रिपोर्ट डावा म्हणत होता. माझा अंदाज, सर्जनने पाय तपासला, कागदाशी जुळेना, म्हणून सेंटरला फोन केला आणि रेडिओलॉजिस्टने चित्रं पुन्हा पाहिली. डावं-उजवं उलटणं ही बोलून रिपोर्ट लिहिताना होणारी एक चूक आहे आणि ती अनेकदा अशीच, तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातून पकडली जाते. तू ॲडेंडमखाली बघ: तारीख आणि वेळ आहे का, आणि कुणाला कळवलं ते लिहिलंय का. नसेल तर सेंटरला विचार. मूळ रिपोर्ट फेकू नकोस, दोन्ही पानं एकत्र पिन कर, आणि ऑपरेशनच्या सकाळी सर्जनने कोणत्या बाजूला खूण केली ते स्वतः बघ. चित्रांची सीडी मला कुरियर कर, मीही बघते.

काकूंना नमस्कार सांग.

तुझी,
मीनल