पाचशे शब्दांत एक पाकीट

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचे दोन्ही खर्डे वाचले, आधी १२४० शब्दांचा आणि मग ४९८ शब्दांचा. पाचशे शब्दांची मर्यादा पाळलीस, पण कापाकापीत कथेचं वळणच निसटलं. तेही दहा-अकरा शब्दांच्या एका ओळीपायी.

मोठ्या खर्ड्यात अनिलला दादाच्या ट्रंकेत स्वतःच्या नावाचं वीस वर्षांपूर्वीचं पत्र सापडतं. शिष्यवृत्तीचं. ‘ते आलंच नाही’ असं दादा सांगत आलेला. अनिल पाकीट घेऊन त्याच्या अंगावर धावून जाणार, तेवढ्यात त्याला दिसतं की पाकिटाची कड सुरीनं सरळ कापलेली आहे. दादा पाकिटं फाडतो. सुरीनं कापायचे ते फक्त बाबा. इतकी वर्षं दादा बाबांना पाठीशी घालत होता. हे वाचताना मला तुझा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू!

छोट्या खर्ड्यात कापलेलं पाकीट आहे, पण बाबा बिलाचं पाकीट सुरीनं उघडतात ती आधीची ओळ नाही. नुसतं वर्णन समजून तू ती काढलीस. मग वळण कळेना, म्हणून वाक्य घातलंस: ‘पत्र बाबांनीच लपवलं होतं, हे अनिलच्या लक्षात आलं.’ मी ते वाक्य झाकून खर्डा तुझ्या आईला दिला आणि विचारलं, पत्र कुणी लपवलं? ‘दादानं. दुसरं कोण?’ म्हणाली.

तू पहिल्या ओळीपासून कापत आलीस. इथलं विशेषण, तिथलं ‘अचानक’. तसं करून १२४० चे फार तर अकराशे होतात. पुढचे सहाशे काढताना माणूस वैतागतो आणि दिसेल ते उडवतो. मजकूर पानात बसवण्यात माझी सारी नोकरी गेली, ही चूक मीही पुष्कळदा केली आहे. आता कापायला शेवटाकडून बस. वळणाच्या वाक्याखाली रेघ मार आणि मागे येत विचार की हे वाक्य वाचताना वाचकाला आधीपासून काय माहीत असायला हवं. तुझ्या कथेत तीनच गोष्टी निघतात: पत्राची अनिलनं वाट पाहिली होती, ते आलंच नाही असं दादा म्हणाला होता, आणि पाकिटं उघडायची दादाची आणि बाबांची तऱ्हा वेगळी होती. बाकी सगळं काढता येण्याजोगं.

त्या हिशेबानं मी स्वतः मोठा खर्डा कापून पाहिला. रेल्वेचा प्रवास (२१० शब्द), शेजारच्या काकू (१६०) आणि बायकोचा फोन (१३०) पूर्ण गेले. इथंच पाचशे सुटले! काकू गेल्याचं मला वाईट वाटलं, झकास बोलतात त्या. पण पत्राची वाट पाहिल्याचं त्या सांगत होत्या, ते भांडणात अनिलच्याच तोंडी एका वाक्यात बसतं. आठवणींचे २४० शब्द साठावर येतील आणि कथा थेट ट्रंक उघडताना सुरू होईल.

आता सुरीची ओळ. मोठ्या कथेत ती आणि वळण यांच्यामध्ये सातशे शब्द होते, त्यामुळे ती आपोआप विसरली जायची. पाचशेत तेवढं अंतर मिळत नाही. नुसती ‘बाबा पाकिटं सुरीनं कापत’ अशी ठेवलीस, तर वाचक लगेच कान टवकारेल. तिला दुसरं काहीतरी काम दे. मी असं केलं: ‘दादानं पाकीट टराटरा फाडलं की आतली नोटही फाटायची, बाबा सुरी शोधत बसायचे आणि तोवर आई वैतागायची.’ वाचक हसून पुढे जातो, पण सुरी लक्षात राहते.

वळणाला मात्र कात्री लावू नकोस. तू ९० शब्दांचं २५ वर आणलंस, मी १३० केलं. अनिल पाकीट उलटं करतो, कडेवरून बोट फिरवतो, कुठेच फाटलेलं लागत नाही. एवढा वेळ त्याला मिळाला नाही तर वाचकालाही मिळत नाही. ‘लक्षात आलं’ वाक्य अर्थातच गेलं. शेवटी दोघे गळ्यात पडतात तो भागही गेला. आता अनिल पाकीट ट्रंकेत जिथं होतं तिथं ठेवतो आणि दादाला विचारतो, ‘कुलूप कुठंय?’

एक बारीकसं. ‘घरा समोर’, ‘ट्रंके मध्ये’ असं तोडून लिहिलं आहेस. शब्दयोगी अव्यय जोडूनच लिहायचं, शिवाय संगणक प्रत्येक मोकळ्या जागेला नवा शब्द धरतो. तुझे असे चौदा शब्द फुकट गेलेत. शीर्षक मोजतात की नाही ते नियमांत बघून घे.

माझा खर्डा ४७१ वर थांबला आहे. उरलेल्या २९ मध्ये काकूंचं एखादं वाक्य बसतं का, बघ.

तुझा,
बाबा